रेंडरमधला स्विमिंग पूल निळ्या जेलीसारखा दिसतोय, काय चुकतंय?

पेन्सिल_हरवली

नमस्कार मंडळी. अलिबागजवळच्या एका बंगल्याचं एक्स्टिरिअर रेंडर करतेय. पूल ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली सगळीकडे १.२ मीटर. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच आणि पूलच्या आखूड काठापासून तीन मीटर मागे, म्हणजे उभ्या माणसाला दिसेल तसा. मॉडेल स्केचअपमधून आणलंय, रेंडर ब्लेंडरच्या सायकल्सवर. टाईल निळ्या मोझेकची, पाण्याला फिकट निळा ग्लास शेडर, वर नॉईज लावून लाटा.

बाकी बंगला छान आलाय, पण पूल म्हणजे कोणीतरी निळी जेली ओतून थिजवल्यासारखा. कडेच्या भिंती आरशासारख्या चमकतात, तळ काळपट आहे आणि लाटांऐवजी खरखरीत काहीतरी दिसतंय. सर म्हणाले, "क्लायंट यात पाय तरी घालेल का?" फोटोशॉपमध्ये पूलचा फोटो चिकटवायला सांगू नका, कॅमेरे चार आहेत.

बारक्या_मिस्त्री

जेलीत पाय घालणारे क्लायंट पाहिलेत मी. बिल मात्र भरत नाहीत.

निळाई

पाण्याला स्वतःचा रंग नसतोच. आपल्याला दिसतो तो निळा आकाशाच्या प्रतिबिंबाचा. तेव्हा शेडर पांढरा शुभ्र ठेवा, चांगला निळा एचडीआरआय लावा, प्रश्न मिटला.

भिडे_काका

आमच्या सोसायटीच्या पूलचंही असंच झालं होतं. पाणी गढूळ, तळ दिसेना, भिंती बुळबुळीत. पीएच तपासून घ्या आणि रात्री फिल्टर बंद ठेवू नका. क्लोरीन संध्याकाळी टाकावं, उन्हात ते लवकर उडून जातं.

बारक्या_मिस्त्री

काका, हा पूल कॉम्प्युटरमधला आहे. क्लोरीन टाकलं तर ग्राफिक कार्ड जाईल.

दुबईकर_सदा

पेन्सिलताई, तीन प्रश्न. पाणी म्हणजे नुसता एक सपाट चौकोन आहे की बंद ठोकळा? ठोकळा असेल तर तो टाईलला नेमका चिकटलाय, की आत थोडी फट आहे? आणि स्केचअपहून आलेल्या वस्तूंचा स्केल किती दिसतो? एन पॅनेलमध्ये बघा.

@निळाई, अर्धं बरोबर. दूरच्या पाण्यात आकाश दिसतं हे खरं. पण ढगाळ दिवशी, वरून खाली पाहिलं तरी पांढऱ्या टाईलचा पूल फिकट निळसर-हिरवट दिसतोच. तो रंग पाण्याचा स्वतःचा.

पेन्सिल_हरवली

बंद ठोकळा आहे. टाईलपासून चारी बाजूंनी आणि खालून एक सेंटिमीटर आत घेतलाय, कारण चिकटवल्यावर काळे ठिपके यायचे. स्केल 0.0254 दिसतोय तिन्हीकडे.

दुबईकर_सदा

बरीचशी लक्षणं या दोन ओळींत आहेत. आधी आरशाचं बघू.

तुमच्या पाण्याच्या आणि टाईलच्या मध्ये एक सेंटिमीटर हवा आहे. खऱ्या पूलमध्ये पाणी टाईलला भिडलेलं असतं, त्यामुळे किरण पाण्यातून थेट टाईलवर आदळतो. तुमच्याकडे तो आधी पाण्यातून हवेत निघायचा प्रयत्न करतो. पाण्यातून हवेत निघताना किरण पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, पूर्णपणे परत फिरतो. वरून आत शिरलेले किरण उभ्या भिंतींवर बहुतेक अशाच तिरक्या कोनात जातात. म्हणून भिंतींच्या जागी आरसे. तुमचा पूल खरोखरच टबमध्ये ठेवलेला काचेचा ठोकळा झालाय.

तळाचं त्याहून गंमतीशीर. तिथे किरण खालच्या फटीतून बाहेर पडतो, पण पडताना पुन्हा मूळ कोनाला वळतो. फट एकच सेंटिमीटर असल्याने तळ फारसा सरकत नाही, पण तिथे एक जास्तीचं परावर्तन होतं.

उपाय फट वाढवणं किंवा मिटवणं नाही. पाण्याचा ठोकळा टाईलच्या आत घुसवा, चारी बाजूंनी आणि खाली एकदोन सेंटिमीटर. मग पाण्याची बाजूची पृष्ठं भिंतीत लपतात आणि किरणाला पाण्यातून सरळ टाईल भेटते. नेमकं चिकटवलं की दोन पृष्ठं एकाच जागी येतात आणि कोणतं आधी लागेल ते संगणकाला ठरवता येत नाही, तुमचे काळे ठिपके त्याचेच.

पडताळणी सोपी आहे. पाण्याचा IOR एकदा 1.0 ठेवून आणि एकदा 1.333 ठेवून दोन छोटी रेंडरं काढा. दुसऱ्यात तळ वर आलेला दिसला पाहिजे. सरळ वरून बघितलं तर १.२ मीटरचा पूल ०.९ मीटर वाटतो, तिरक्या नजरेने त्याहून उथळ. तळ हललाच नाही तर IOR पाण्याला लागूच होत नाहीये.

रेंडरवाला_पुणेरी

आम्ही कोरोना रेंडररमध्ये नुसता एक सपाट चौकोन ठेवतो, ठोकळा वगैरे काही नाही. दहा वर्षं चाललंय.

दुबईकर_सदा

वक्रीभवनापुरतं चालतंच. किरण आत शिरला, तळाला लागला, काम झालं. फक्त तो चौकोन काठाच्या आत थोडा घुसलेला हवा, नाहीतर कडेने रेघ दिसते. पण खोलीप्रमाणे रंग हवा असेल तर मी बंद ठोकळाच घेतो. आत कुठे सुरू आणि बाहेर कुठे संपतं, याचा घोळ राहत नाही.

रेंडरवाला_पुणेरी

आम्हाला कधी घोळ दिसला नाही. असो.

टाईल_गुरुजी

मी रेंडरवाला नाही, पूलला मोझेक लावायची कामं घेतो, पण वाचून राहवलं नाही. निळ्या मोझेकचं चित्रात काय होत असेल ते सांगतो, कारण साईटवरही हेच होतं.

क्लायंट दुकानात हातात कोरडा तुकडा घेऊन पसंत करतो. पाणी भरल्यावर फोन येतो, "हा माझा रंग नाही." पांढऱ्या टाईलचा पूल भरल्यावर फिकट फिरोजी होतो. फिकट निळी टाईल छान निळी होते. गडद निळी लावली तर पाणी शाईकडे झुकतं. करड्या टाईलचा पूल तळ्यासारखा निळा-करडा दिसतो आणि काळ्या टाईलचा पूल म्हणजे जवळजवळ आरसा, कारण तळातून उजेडच वर येत नाही, मग वरचं प्रतिबिंब तेवढं उठून दिसतं.

आणखी एक खूण. पायऱ्यांवर पाणी कमी, म्हणून तीच टाईल पायऱ्यांवर फिकट आणि तळाशी गडद दिसली पाहिजे. कुठल्याही चित्रात पायऱ्या आणि तळ एकाच रंगाचे दिसले की मला कळतं, रंग पाण्याला नाही, पृष्ठभागाला फासलाय.

निळाई

गुरुजी, मग मी म्हणते ते आकाशाचं पूर्ण चूक का?

टाईल_गुरुजी

पूर्ण चूक नाही हो. तुम्ही लांब उभ्या राहून पूल बघता, मी पूलमध्ये उतरून बघतो.

दुबईकर_सदा

गुरुजींनी माझं अर्धं काम केलं. पेन्सिलताईंच्या पूलमध्ये निळा दोनदा मोजला जातोय. टाईल निळी, वर ग्लासचा रंग निळा. ग्लासचा रंग खोलीशी बांधलेला नसतो, तो किरण पृष्ठभाग ओलांडताना एकदाच लागतो. म्हणून पायरी आणि तळ सारखेच रंगतात.

ग्लासचा रंग पांढरा करा आणि ठोकळ्याच्या Volume ला Volume Absorption जोडा. पाणी लाल उजेड सर्वांत जास्त खातं, हिरवा थोडा, निळा जवळपास नाही. मी वापरतो ते आकडे:

```
Glass BSDF         Color 1, 1, 1   Roughness 0   IOR 1.333
Volume Absorption  R 0.70  G 0.94  B 0.99   Density 1.0
```

ब्लेंडरमध्ये हे गणित मीटरमागे चालतं. लालचा ०.७० म्हणजे मीटरमागे शोषण ०.३०. तुमच्या पूलमध्ये उजेड १.२ मीटर खाली जातो आणि तिरका होऊन वर येतो, एकूण प्रवास साधारण तीन मीटर. तेवढ्यात लाल चाळीस टक्के उरतो, हिरवा ऐंशीच्या थोडा वर, निळा जवळपास सगळा. पांढरी टाईल असेल तर गुरुजी म्हणतात तो फिरोजी इथून आपोआप येतो. आकडे RGB च्या खान्यात टाका, Hex मध्ये नको, तिथे वेगळंच गणित होतं. आणि सीनमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटर आहे ना ते बघा. मिलिमीटरचं युनिट मानून बांधलेल्या सीनमध्ये हेच आकडे टाकले तर पूलमध्ये शाई दिसेल.

टाईल निळीच ठेवायची असेल तर मोझेकच्या टेक्स्चरची सॅच्युरेशन कमी करा. दुकानाच्या कॅटलॉगमधला फोटो आधीच भडक केलेला असतो. पांढरी टाईल घेतलीत तर तिला पूर्ण 1.0 देऊ नका, 0.75 ते 0.8 पुरे.

मीनल_पु

क्लायंटला मात्र तो कॅटलॉगचा भडक निळाच हवा असतो हे कोणी बोलत नाही इथे. मी शास्त्रशुद्ध पाणी दिलं की "मॅडम, जरा ब्लू करा ना" येतंच.

रेंडरवाला_पुणेरी

+१. खरं पाणी विकलं जात नाही.

टाईल_गुरुजी

आणि मग पूल भरल्यावर फोन मला येतो. त्या चित्रावर सही तुमच्या ऑफिसची असते, ऐकून घेणारा मी.

पेन्सिल_हरवली

ठोकळा भिंतीत घुसवला, आरसे गेले! IOR बदलून पाहिला, तळही वर आला. रंग आता बराच बरा आहे आणि पायऱ्या फिकट दिसतायत. पण तळ अजून काळपट आहे, आणि पूल जवळ स्वच्छ तर लांबच्या टोकाला नुसता पांढरट पडदा. ग्लासचं प्रतिबिंब कमी करू का?

निळाई

बघा, आकाश आलंच शेवटी.

दुबईकर_सदा

हो, आता तुमचा मुद्दा. प्रतिबिंब कमी करू नका, ते बरोबर आहे. तुमच्या कॅमेऱ्यातून जवळच्या काठाला नजर पाण्यावर सुमारे ६३ अंश तिरकी पडते आणि तिथे पाणी फक्त आठेक टक्के परावर्तन करतं. लांबच्या काठाला नजर ८३ अंशांवर जाते आणि परावर्तन ४७ टक्क्यांच्या आसपास पोचतं. एकाच पूलमध्ये जवळ तळ आणि लांब आकाश, असंच दिसायला हवं.

पण ४७ टक्के आकाश पांढरं असेल तर पडदा पांढराच दिसणार. तिथे कशाचं प्रतिबिंब पडतंय ते बघा. अलिबागच्या बंगल्यात पूलपलीकडे नारळ, पोफळी, कंपाउंडची भिंत, काहीतरी उभं असेलच. ते मॉडेलमध्ये नसेल तर पाण्यात रिकामं आकाश येतं. माझ्या अनुभवात पूलचं पाणी सुधारायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पूलपलीकडे झाडं लावणं. गडद झाडाचं प्रतिबिंब पडलं की तेवढ्या पट्ट्यात तळ पुन्हा दिसू लागतो.

काळपट तळाचं कारण वेगळं आहे. सायकल्समध्ये सूर्याचा थेट प्रकाश साध्या ग्लासमधून सावलीसारखा अडवला जातो. उपाय दोन. जुना म्हणजे Light Path मधला Is Shadow Ray घेऊन, सावलीच्या किरणांपुरतं पाणी Transparent करणं. तळ लगेच उजळतो. त्याचा एक दोष कोणी सांगत नाही: सावली मग वळतच नाही. सूर्य ४५ अंशांवर असेल तर पाण्यात किरण ३२ अंशांवर वळतो, म्हणजे पाण्यालगतच्या काठाची सावली तळावर सुमारे ७५ सेंटिमीटर आत पडायला हवी. या युक्तीत ती १.२ मीटर आत पडते. चार मीटर रुंद पूलमध्ये हा फरक डोळ्यांना खटकतो.

दुसरा मार्ग ब्लेंडर ३.२ पासून आलेलं Shadow Caustics. सूर्याला, पाण्याला आणि तळाला तिघांनाही ती खूण करावी लागते, एकही विसरलात तर काही होत नाही. मग सावली बरोबर पडते आणि तळावर उजेडाची जाळीही येते. पण त्यासाठी लाटा खऱ्या आकाराच्या आणि स्मूथ शेडिंगच्या हव्यात.

मीनल_पु

जाळी जपून हां. संध्याकाळच्या रेंडरमध्ये, पूल पूर्ण सावलीत असताना, तळावर झगझगीत जाळी बघितलीय मी. सूर्य नाही तर जाळी कुठून?

पोहणारा_पक्या

मी दहा वर्षं रोज पोहतोय. सकाळी पहिला उतरतो तेव्हा पाणी काचेसारखं सपाट असतं, लाट नाहीच. रेंडरमध्ये सगळे समुद्र का करतात? माझं मत, लाटा काढूनच टाका.

बारक्या_मिस्त्री

पक्या उतरेपर्यंत सपाट, उतरल्यावर त्सुनामी.

दुबईकर_सदा

पक्या, तुझं निरीक्षण पहाटेच्या, वारा नसलेल्या पूलचं आहे. पूर्ण सपाट पाणी रेंडरमध्ये काचेचं टेबल वाटतं, कारण तळावरच्या मोझेकच्या रेघा सरळ राहतात. डोळा पाणी ओळखतो तो त्या रेघा डगमगताना पाहून. पण तू म्हणतोस तेही खरं, जवळपास सगळेच लाटा खूप उंच करतात.

हिशोब बघ. लाटेची लांबी २० सेंटिमीटर आणि मधल्या पातळीपासून उंची फक्त २ मिलिमीटर धरली तरी तिचा सर्वांत तिरका उतार साडेतीन अंशांच्या वर जातो. उतार जेवढा कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब हलतं, म्हणजे सात अंश. नारळाचं खोड नागमोडी व्हायला तेवढं भरपूर. दोन मिलिमीटर! लोक पाच सेंटिमीटर देतात आणि मग विचारतात अरबी समुद्र का आला.

पेन्सिलताईंच्या खरखरीचं कारण तो 0.0254 चा स्केल. Object कोऑर्डिनेट इंचात मोजले जातायत, म्हणून २० सेंटिमीटरची लाट पाच मिलिमीटरची होऊन बसली. Ctrl+A दाबून Scale लागू करा, मग:

```
Texture Coordinate: Object
Noise A   Scale 1.0   Detail 0
Noise B   Scale 5.0   Detail 2
Bump      Strength 1.0   Distance 0.004
```

पहिला नॉईज मीटरभराचा संथ चढउतार, दुसरा वरची बारीक लहर. दोन्ही मिसळा, दुसऱ्याचा वाटा कमी. Generated कोऑर्डिनेट वापरू नका, ९ बाय ४ च्या पूलवर लाटा लांबट ताणल्या जातात. ही फक्त सुरुवात, पुढे डोळ्यांनी ठरवा.

रेंडरवाला_पुणेरी

बंप कशाला, सरळ डिस्प्लेसमेंट करा. बंपने काठावरची पाण्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ राहते. शिवाय लांबच्या टोकाला काळे डाग येतात.

दुबईकर_सदा

यावर पुणेरींशी सहमत. दर दोन सेंटिमीटरला एक भाग पाडला तरी ९ बाय ४ ला नव्वद हजार चौकोनच होतात, मशीनला काहीच नाही. शिवाय Shadow Caustics हवं असेल तर बंपपेक्षा हेच बरं. बंप मी लांबून दिसणाऱ्या पूलला ठेवतो.

मीनल_पु

मला डिस्प्लेसमेंटचा फरक चार मिलिमीटरला कधी दिसला नाही. काठाजवळ कॅमेरा असेल तरच.

टाईल_गुरुजी

काठाचं निघालंच आहे तर, पूल स्किमरचा आहे की ओव्हरफ्लोचा? स्किमरच्या पूलमध्ये पाणी काठाच्या दगडाखाली दहा-पंधरा सेंटिमीटर असतं. तेवढी टाईल कोरडी उघडी दिसते, आणि तिचं उलटं प्रतिबिंब पाण्यात. ओव्हरफ्लोला पाणी जमिनीच्या पातळीला येऊन जाळीत पडतं, तिथे कोरडी पट्टी नसते. चित्रांमध्ये बहुधा पाणी काठोकाठ भरलेलं आणि जाळी कुठेच नाही. असं पाणी जाणार कुठे? पहिला माणूस उतरला की लॉनवर.

आणि स्किमरला पाण्याच्या रेषेवर टाईलची चारपाच सेंटिमीटर पट्टी ओली, जरा गडद दाखवा. पाणी हलतं, भिजवतं.

पेन्सिल_हरवली

ड्रॉइंगमध्ये स्किमर आहे! मी पाणी काठाला लावलं होतं. बारा सेंटिमीटर खाली घेतलं, ओली पट्टी दिली, पलीकडे नारळ लावले. पट्टीचं प्रतिबिंब आल्यावर पूलला एकदम खोली आली. सूर्यासाठी Shadow Caustics चालू केलंय, सावलीही आता जवळ पडते.

एकच राहिलं. चौथ्या कॅमेऱ्यात समुद्राकडची बाजू इन्फिनिटी एज आहे. तिथे पाणी भिंतीत घुसवलं की पलीकडून पाण्याचा ठोकळा बाहेर डोकावतो.

दुबईकर_सदा

तिथे भिंतीला खरी जाडी द्या, पंधरा-वीस सेंटिमीटर, आणि ठोकळा भिंतीच्या आतच संपवा. भिंतीचा माथा पाण्याखाली एखाद सेंटिमीटर ठेवा. त्या माथ्यावरून आणि बाहेरच्या अंगाने खाली जाणाऱ्या पाण्याचा पातळ थर वेगळा जोडावा लागेल, त्याच ठोकळ्याला, तुटक नको. लाटा माथ्याजवळ कमी करत न्या. थर बाहेरच्या भिंतीला कसा चिकटवायचा याचं माझ्याकडे फार देखणं उत्तर नाही, मी दर वेळी हाताने ओढतो.

रेंडरवाला_पुणेरी

तो एक कॅमेरा फोटोशॉपमध्ये करा. कोणाला कळत नाही.

टाईल_गुरुजी

मला कळतं.

भिडे_काका

इन्फिनिटी पूलला बॅलन्स टँक लागतो, तो विसरू नका. आणि ओव्हरफ्लोत बाष्पीभवन जास्त होतं, क्लोरीनचा डोस त्याप्रमाणे बघा.

पेन्सिल_हरवली

काका, बॅलन्स टँक खरंच ड्रॉइंगमध्ये नाहीये. उद्या सरांना विचारते.